ज्येष्ठांच्या दुचाकीसाठी जॅकेट आणि हातमोजे

गेल्या वैशाखात माझे वडील पाळधीजवळ दुचाकीवरून पडले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय ६७, मधुमेह जुना, आणि अँजिओप्लास्टी झाल्यापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची. एरंडोलहून जळगाव सुमारे ३० किलोमीटर; तपासणीसाठी ते महामार्गाने स्वतःच गाडी चालवीत जातात आणि त्याविषयी कोणाचे ऐकत नाहीत. त्या दिवशी वेग जेमतेम ताशी ३० होता. कडेला पसरलेल्या बारीक खडीवर पुढचे चाक घसरले. डोक्यावर हेल्मेट होते, अंगात 'रायडिंग जॅकेट' म्हणून घेतलेले जॅकेटही होते. तरीही उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि कोपरावरची कातडी तळहाताएवढ्या जागेत सोलून निघाली. मनगट सहा आठवड्यांत जुळून आले, कोपराच्या जखमेला मात्र नऊ आठवडे लागले. साखर, पातळ झालेली त्वचा आणि न थांबणारे रक्त यांचा तो हिशेब होता.

जॅकेट असूनही असे का झाले, हे पाहण्यासाठी आम्ही ते घरी टेबलावर उलगडले. कोपराचे पॅड बाहीच्या आत फिरून हाताच्या आतल्या बाजूला गेले होते. पाठीच्या खिशात काय आहे म्हणून हात घातला, तर गादीतल्या फोमसारखा मऊ तुकडा निघाला. पॅडवर 'सीई' ही दोन अक्षरे होती, पण पुढे कोणताही क्रमांक नव्हता. आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तशी सक्ती जॅकेटला नाही. म्हणून ही तपासणी घेणाऱ्यालाच करावी लागते, आणि घरातील ज्येष्ठांसाठी ती बहुधा आपल्याला, म्हणजे मुला-सुनांना, करावी लागते.

पॅड खिशातून बाहेर काढून त्यावरचा छाप वाचावा. खांदा व कोपर यांच्या पॅडवर 'ईएन १६२१-१' आणि पाठीच्या पॅडवर 'ईएन १६२१-२' असा युरोपीय मानकाचा क्रमांक असतो. शेजारी दुचाकीस्वाराचे छोटे चित्र, आणि त्याजवळ १ किंवा २ हा अंक. हा अंक म्हणजे पॅडची पातळी. चाचणीत ५ किलोचे वजन १ मीटर उंचीवरून पॅडवर सोडतात आणि खाली किती जोर पोहोचतो ते मोजतात. कोपराच्या पहिल्या पातळीच्या पॅडखाली सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर चालतो, दुसऱ्या पातळीला २० पर्यंतच. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजनाचा भार. अर्थात तो क्षणभरच असतो. पाठीसाठी मर्यादा अधिक कडक आहेत, पहिल्या पातळीला १८ आणि दुसरीला ९. तरुणाचे हाड जे सोसते ते ठिसूळ झालेले हाड सोसेलच असे नाही. म्हणून पन्नाशीपुढच्या चालकासाठी मी दुसऱ्या पातळीचाच आग्रह धरीन, निदान पाठीला तरी.

याच छापावर आणखी एक खूण असते, आणि खानदेशात तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. इंग्रजी 'टी' अक्षरापुढे अधिकचे चिन्ह असेल, तर ते पॅड ४० अंश तापमानावर ठेवूनही चाचणीत उतरलेले असते. आजची मऊ, वळणारी पॅड उष्णतेने अधिक मऊ होतात आणि मऊ झालेले पॅड धक्का कमी झेलते. ही चाचणी ऐच्छिक असल्यामुळे ती खूण प्रत्येक पॅडवर सापडत नाही. मे महिन्यात जळगाव-एरंडोल भागात पारा ४४-४५ वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीवर ठेवलेले जॅकेट त्याहूनही तापते. म्हणून पॅड खरेदी करताना ही खूण शोधावी आणि जॅकेट नेहमी सावलीत टांगावे.

चांगले पॅडही जागेवर नसेल तर उपयोगाचे नाही. नानांचे नेमके तेच झाले होते. जॅकेट दुकानात उभे राहून घालून पाहणे पुरेसे नाही. गाडीवर बसावे, हँडल धरावे, आणि दुसऱ्याने मागून कोपराचे पॅड दोन बोटांनी धरून हळूच फिरवून पाहावे. पॅड हाडाच्या टोकावरून सरकले तर बाही सैल आहे, दंडावरचा पट्टा आवळावा किंवा लहान माप घ्यावे. आपल्या घरी 'थोडे मोठेच घ्या, आत स्वेटर मावेल' असे म्हणण्याची रीत आहे. कवचाच्या बाबतीत ती चुकीची ठरते.

कापडाच्या दर्जासाठी वेगळे मानक आहे, 'ईएन १७०९२'. त्याच्या लेबलवर एएए, एए, ए अशा श्रेणी असतात. खांदा-कोपरासारखी रस्त्याला सर्वांत आधी लागणारी जागा किती वेगाच्या घसरणीला टिकते, त्यावर ही विभागणी ठरते. 'ए' साधारण ताशी ४५ किलोमीटरपर्यंत, 'एए' ७० पर्यंत आणि 'एएए' १२० पर्यंत. 'बी' असे लिहिलेले असेल, तर त्यात धक्क्यासाठीची पॅड नसतात. गावातच बाजार, बँक आणि दवाखाना करणाऱ्याला 'ए' पुरते. जळगाव, पारोळा किंवा धुळे गाठायचे असेल तर 'एए' शोधावे, कारण महामार्गावर आपला वेग कमी असला तरी मागून येणाऱ्यांचा नसतो.

इथे हवेचा प्रश्न येतो आणि खरी ओढाताण सुरू होते. जाळीदार, म्हणजे मेश, कापडातून वारा येतो, पण पूर्ण जाळीचे कापड घासल्यावर लवकर फाटते. म्हणून छाती, पाठ आणि बाहीच्या आतल्या भागाला जाळी आणि खांदे-कोपरांवर घट्ट विणीचे जाड कापड, अशी बांधणी पाहावी. प्रकाशाकडे धरले की कुठे आरपार दिसते ते लगेच कळते.

आणि जाळी म्हणजे थंडावा नव्हे. हवा त्वचेहून गरम असते तेव्हा वारा शरीराला उष्णता देतो, थंडावा येतो तो घामाच्या बाष्पीभवनाने. वयाबरोबर घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी पाणी काढणारी गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी आधीच कमी असते. खानदेशची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, हा मात्र आपला फायदा. आतला सुती बनियन ओला करून पिळून घालावा. जाळीतून वारा शिरत असेल तर अर्धा तास बरे वाटते. मुंबईच्या दमट हवेत हाच उपाय फारसा चालत नाही. फाटकाशी किंवा चौकात गाडी थांबली की वारा थांबतो, तेव्हा पुढची चेन उघडावी. डोके जड झाले, मळमळले, किंवा येणारा घाम अचानक थांबला तर गाडी सावलीत उभी करून जॅकेट काढावे. नाना आता उन्हाळ्यात सकाळी ७ ला निघतात आणि ऊन उतरल्यावर परततात. डॉक्टरांची वेळ दुपारची असेल तर एसटी.

पावसाळ्यासाठी येणारे आतले अस्तर उन्हाळ्यात काढून घरी ठेवावे. काही जण सोबत पॅडही काढून ठेवतात आणि विसरतात. मग जॅकेट म्हणजे नुसती जाळी उरते.

आता हातमोजे. पडताना माणूस हात पुढे करतो, ती इच्छेची गोष्ट नाही. तळहात रस्त्याला चिकटतो, शरीर पुढे जाते आणि सगळा भार मनगटावर येतो. नानांच्या हातात उन्हासाठीचे पातळ सुती मोजे होते, ते क्षणात फाटले. मोज्यांचे मानक 'ईएन १३५९४'. पहिल्या पातळीत तळव्याचे कापड घासण्याच्या चाचणीत ४ सेकंद टिकले पाहिजे, दुसरीत ८. 'केपी' ही अक्षरे म्हणजे बोटांच्या सांध्यांवर संरक्षण आहे. दुसऱ्या पातळीत ते असतेच, पहिलीत 'केपी' लिहिले असेल तरच. मनगटाच्या बाजूला, तळव्याच्या टोकाशी, कठीण गुळगुळीत चकती असेल तर उत्तम, कारण तिच्यामुळे हात रस्त्यात रुतण्याऐवजी घसरतो. अस्थिभंग टळेलच असे कोणी सांगू शकत नाही, मनगटावरचा ताण काहीसा कमी होतो इतकेच.

मोजा घट्ट बसतो की नाही याची परीक्षा सोपी आहे. मनगटाचा पट्टा लावून दुसऱ्याने बोटांची टोके धरून ओढावे. मोजा निघून आला तर रस्त्यावरही निघेल. संधिवाताच्या हाताला चेनपेक्षा रुंद वेल्क्रो पट्टा सोयीचा. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेली असेल, तर आतली शिवण टोचते आहे हे त्यांना कळतच नाही. म्हणून नवा मोजा घरी वीस मिनिटे घालावा, नंतर हाताची त्वचा आपण स्वतः डोळ्यांनी पाहावी. ब्रेक आणि क्लचचे दांडे धरूनही पाहावे. जाड तळव्यामुळे पकड सैल पडत असेल तर तो मोजा कितीही चांगला असला तरी या हातासाठी नाही.

भारतीय कंपन्यांपैकी मुंबईची रायनॉक्स, बंगळूरची व्हायाटेरा आणि चेन्नईची रॉयल एनफिल्ड यांची शहरी वापराची जॅकेटे सहज मिळतात. रायनॉक्सचे एअर जीटी, व्हायाटेराचे स्पेन्सर आणि एनफिल्डचे स्ट्रीटविंड ही जाळीच्या जातीची. आवृत्ती बदलली की पॅडची पातळी आणि कापडाची श्रेणीही बदलू शकते, म्हणून नावावर न जाता हातात येणाऱ्या नगावरचे लेबल वाचावे. पाठीचे पॅड सोबत आहे की वेगळे घ्यावे लागेल, हेही आधी विचारावे. बहुतेक वेळा तेच राहून जाते. ऑनलाइन मागवले तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी गाडीवर बसून वरची परीक्षा करावी.

नानांसाठी आम्ही 'एए' श्रेणीचे जाळीदार जॅकेट घेतले, कोपर-खांद्यांना दुसऱ्या पातळीची पॅड असलेले. पाठीचे पॅड वेगळे आणले. उजवा खांदा आखडलेला असल्याने जॅकेट चढवताना आधी उजवा हात घालायचा, ही युक्ती सुनेने शोधली. चेनच्या टोकाला तिने रंगीत नाडा बांधला, बोटांना पकडायला. आतल्या खिशात एक कार्ड असते: रक्तगट, मधुमेह, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचे नाव आणि घरचा फोन.

आई मागे बसते तेव्हा तिच्या अंगावर साडीच असते. तिला काही धरायला हँडलही नसते. तिच्या मापाचे जॅकेट या दिवाळीत घ्यायचे ठरले आहे. ती म्हणते, 'मी काय गाडी चालवते का?' नाना पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलले, 'पडताना कोण चालवत होतं, ते रस्ता विचारत नाही.'