अठ्ठावन्न ते सत्तर : मधल्या बारा वर्षांचा आरोग्यविमा

अशोकस्तंभापासून आनंदवल्लीपर्यंत गंगापूर रोडच्या सोसायट्यांत सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली बरीच मंडळी राहतात. नोकरीत असताना त्यांना दवाखान्याच्या बिलाची काळजी नसे, कारण कंपनीचा गटविमा होता. खासगी नोकरी बहुधा अठ्ठावन्नाव्या वर्षी संपते. उत्पन्नाची अट नसलेलं केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र सत्तरी पूर्ण झाल्यावरच मिळतं. ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. मधल्या बारा वर्षांबद्दल काही समजुती पक्क्या बसल्या आहेत, आणि त्यांतली पहिलीच सर्वांत महागात पडते.

‘निवृत्त झाल्यावर पॉलिसी घेऊ, आता कंपनीचा विमा आहेच.’

समजा, एका गृहस्थांना पंचेचाळिशीपासून मधुमेह आहे. ३१ मार्च २०२६ ला ते निवृत्त झाले. गटविमा सहसा नोकरीबरोबर संपतो. फंड-ग्रॅच्युइटीची कामं उरकून त्यांनी सप्टेंबरमध्ये नवी पॉलिसी घेतली. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त छत्तीस महिने प्रतीक्षाकाळ ठेवू शकते. १ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा अठ्ठेचाळीस महिने होती. कंपनीने पूर्ण छत्तीस महिने लावले, तर मधुमेहातून उद्भवलेल्या आजाराचं बिल सप्टेंबर २०२९ पर्यंत त्यांना स्वतःच भरावं लागेल. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांसाठीही बहुतेक पॉलिसींत वेगळा प्रतीक्षाकाळ असतो, आणि साठीच्या आसपास नेमकी हीच ऑपरेशनं निघतात.

याच गृहस्थांनी पंचावन्नाव्या वर्षी, कंपनीचा विमा चालू असतानाच, मधुमेह लिहून देऊन स्वतःची पॉलिसी घेतली असती तर? तीन वर्षांचा हप्ता जास्त गेला असता, पण निवृत्तीच्या दिवशी प्रतीक्षाकाळ संपलेला असता. प्रतीक्षा पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजली जाते आणि त्या काळात दुसरा विमा असला तरी चालतो, हे निवृत्तीआधी कुणी सांगत नाही.

पंचावन्न उलटून गेलेल्यांना आणखी एक वाट आहे. गटविम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय मागता येतो. गटविम्यात काढलेली वर्षं तिथे प्रतीक्षाकाळातून वजा होतात, पण जुन्या विमा रकमेपुरतीच. गटविमा पाच लाखांचा आणि नवी पॉलिसी दहा लाखांची असेल, तर वरच्या पाच लाखांसाठी प्रतीक्षा नव्याने मोजली जाते. हप्ताही वयानुसार पूर्ण लागतो आणि कंपनी तब्येतीची चौकशी करू शकते. म्हणून गटविमा कोणत्या कंपनीचा आहे आणि आपलं नाव त्यातून कोणत्या तारखेला निघणार, हे मनुष्यबळ विभागाकडून निवृत्तीपूर्वी लेखी घ्यावं. नाव निघाल्यावर विचारायला गेलं की ही वाट बंद झालेली असू शकते.

‘साठीनंतर कोणी विमा देत नाही, म्हणून साखर-बीपी लिहू नये.’

नियामकाने २०२४ मध्ये वयाची पासष्टची जुनी चौकट काढून टाकली. कंपनी तब्येत पाहून नकार देऊ शकते, हे खरं. पण आजार लपवून घेतलेली पॉलिसी त्याहून वाईट, कारण रुग्णालयाच्या जुन्या कागदांत ‘दहा वर्षांपासून मधुमेह’ अशी नोंद निघाली की दावा अडतो. सलग साठ महिने झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, मात्र सिद्ध झालेल्या फसवणुकीला हे संरक्षणही नाही.

‘सत्तरीपर्यंत सरकारचं काहीच नाही.’

महाराष्ट्रापुरतं तरी हे चूक आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू झाली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते यादीतल्या उपचारांना आणि संलग्न रुग्णालयांतच मिळतं. नेहमीचं रुग्णालय संलग्न आहे का आणि हृदयविकार किंवा किडनीसारख्या त्या विभागासाठी आहे का, हे १५५३८८ वर किंवा तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं. शिधापत्रिकेवर पती-पत्नी दोघांची नावं आहेत ना, तेही पाहावं. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी कापलं जात होतं आणि ज्यांची किमान पाच वर्षं त्यात भरली आहेत, त्यांना नियत वयोमानानुसार निवृत्त झाल्यावर वर्षाला १२० रुपयांत पती-पत्नी दोघांना वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. सातपूरच्या कामगार रुग्णालयाजवळ राहूनही अनेकांना हे ठाऊक नसतं.

‘सत्तरीला कार्ड आलं की पॉलिसी बंद करू.’

कार्ड व्यक्तीच्या वयावर मिळतं. वरच्या उदाहरणातले गृहस्थ २०३८ मध्ये सत्तर वर्षांचे होतील, तेव्हा चार वर्षांनी लहान असलेली त्यांची पत्नी सहासष्टची असेल आणि तिला २०४२ पर्यंत थांबावं लागेल. खासगी पॉलिसी ठेवूनही कार्ड घेता येतं. दोघांच्या पॉलिसी पहिल्यापासून वेगळ्या असतील, तर २०३८ मध्ये त्यांना स्वतःच्या पॉलिसीची रक्कम कमी करून हप्ता हलका करता येईल आणि पत्नीच्या पॉलिसीला हात लावावा लागणार नाही.