आयईएल्टीएसची श्रवण परीक्षा : कुठे आशय ऐकायचा आणि कुठे शब्द पकडायचा

सुरतमधील आपल्या मराठी कुटुंबांतील मुले-मुली परदेशी शिक्षणासाठी आयईएल्टीएसची तयारी करतात. त्यांच्यापैकी जी मराठी किंवा गुजराती माध्यमात शिकली आहेत, त्यांना वाचन जमते, पण ऐकण्याच्या भागात गुण जातात. या भागात ४० प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. साधारण २३ उत्तरे बरोबर आली तर ६ बँड मिळतो, ३० आली तर ७. म्हणजे एका बँडचा फरक जेमतेम सात उत्तरांचा. ही सात उत्तरे कुठे निसटतात, ते आम्ही येथे दोन उदाहरणांतून मांडत आहोत. दोन्ही उदाहरणे सरावासाठी आम्हीच तयार केली आहेत.

पहिला भाग बहुधा अर्ज भरण्याचा असतो. समजा, भाड्याच्या खोलीची चौकशी चालू आहे. कागदावर लिहिले आहे : ‘आठवड्याचे भाडे : £ ____’ आणि त्याखाली ‘भाड्यात सर्व बिले समाविष्ट, ____ सोडून’. ध्वनिफीत सुरू होण्यापूर्वी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात प्रत्येक रिकाम्या जागेत काय येईल याचा अंदाज बांधावा. पहिल्या जागी आकडा येणार. दुसऱ्या जागी गॅस, वीज, इंटरनेट यांपैकी एखादे नाम येणार. अंदाज चुकला तरी नुकसान नाही, कारण कान कशाची वाट पाहत आहे हे आता ठरलेले असते.

मग घरमालकीण म्हणते, “इट वॉज वन हंड्रेड अँड थर्टी, बट सिन्स जानेवारी इट्स वन हंड्रेड अँड फिफ्टी.” घाईत असलेला विद्यार्थी १३० लिहून मोकळा होतो आणि ‘बट’ त्याच्या कानावरून जातो. ‘बट’, ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘इन्स्टेड’, ‘सॉरी, नो’ हे दिशादर्शक शब्द आहेत. ते ऐकू आले की आधीचे उत्तर बदलण्याची शक्यता असते, म्हणून लिहिलेला आकडा तेव्हा पक्का धरू नये. दुसऱ्या जागेसाठी ‘अपार्ट फ्रॉम’ किंवा ‘एक्सेप्ट’ ऐकू येईल. त्याच्या लगेच पुढचा शब्द हे उत्तर.

इथे आणखी एक अडचण येते. ‘फिफ्टी’मध्ये जोर सुरुवातीला असतो, तर ‘फिफ्टीन’मध्ये बहुधा शेवटच्या ‘टीन’वर असतो. शिवाय आपण ‘सदुसष्ट’ म्हणताना सात आधी बोलतो, इंग्रजीत साठ आधी येतात. मनात मराठीत आकडा म्हणून मग लिहायला गेले की ६७ चे ७६ होते. जसे ऐकू येईल तसे थेट अंकांत लिहावे.

आता आशयाचा प्रश्न. तिसऱ्या भागात विद्यार्थी आपल्या अभ्यासाविषयी चर्चा करतात. प्रश्न असा : विद्यार्थिनीने प्रकल्पाचा विषय का बदलला? पर्याय : वेळ कमी होता, शिक्षकांचा विरोध होता, संदर्भसाहित्य मिळाले नाही. ती म्हणते, “आय डिड वरी अबाउट टाइम, अँड माय ट्यूटर वॉजन्ट कीन अ‍ॅट फर्स्ट. द रिअल प्रॉब्लेम वॉज दॅट हार्डली एनीवन हॅड रिटन अबाउट इट.” तिन्ही पर्यायांचा उल्लेख झाला. ‘टाइम’ हा शब्द तर जसाच्या तसा ऐकू आला, आणि म्हणूनच तो आमिष आहे. ‘द रिअल प्रॉब्लेम’ या खुणेनंतर खरे कारण येते, तेही वेगळ्या शब्दांत : त्या विषयावर कोणी फारसे लिहिलेलेच नाही. म्हणून उत्तर तिसरे. अशा ठिकाणी एकेक शब्द पकडण्यापेक्षा बोलणाऱ्याचे वाक्य कुठे जाऊन थांबते, तिकडे लक्ष हवे.

चौथ्या भागात एकट्या वक्त्याचे व्याख्यान असते. ‘लेट्स टर्न टू’, ‘मूव्हिंग ऑन’ असे शब्द आले की मुद्दा बदलला, पुढच्या प्रश्नावर जायचे. मागचे उत्तर राहिले असेल तर ते सोडून द्यावे. त्याचा विचार करत बसले की पुढची दोन उत्तरेही जातात.

घरी सराव करताना एकच ध्वनिफीत तीनदा ऐकावी. पहिल्यांदा कागदाशिवाय ऐकून, बोलणे कशाबद्दल होते ते मराठीत एका वाक्यात सांगावे. दुसऱ्यांदा प्रश्न सोडवावेत. तिसऱ्यांदा संहिता समोर ठेवून प्रत्येक चुकीचे कारण शोधावे. शब्दच माहीत नसेल तर शब्दसंग्रह कमी पडला. वाचताना कळतो पण ऐकताना कळला नाही, तर उच्चाराची सवय हवी. बदलण्यापूर्वीचे उत्तर लिहिले गेले असेल, तर दिशादर्शक शब्द निसटला. आठवडाभर या तीन रकान्यांत चुका मांडल्या, की कोणता रकाना भरतो आहे ते दिसते आणि पुढच्या आठवड्याचा सराव त्यावरून ठरवता येतो.