मोरी का गुडगुडते?

चिंचपोकळीतील एका चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचे कापडाचे गोदाम होते. वर कुणी फ्लश ओढला की आमची मोरी गुडगुडे आणि मागाहून दुर्गंधी येई. पाइप तुंबला असे समजून आम्ही दोनदा तो साफ करवला. पैसे गेले, वास मात्र राहिला.

मग एका जुन्या प्लंबरने न्हाणी ट्रॅप पाण्याने भरला, काडीवर पातळीची खूण केली आणि वरच्या बिऱ्हाडांना एकापाठोपाठ फ्लश ओढायला सांगितले. पाणी दोन इंच उतरले होते! गटाराची हवा अडवणारे पाणी असते तेवढेच, सुमारे ५० मिलिमीटर.

उभ्या पाइपातून पाण्याचा लोंढा पडताना मागे हवा कमी होते. ती वरून मिळाली नाही तर पाइप आमच्या मोरीतून हवा ओढतो. पाण्यातून शिरणारी ही हवाच गुडगुडते. गच्चीच्या दुरुस्तीत कुणा शहाण्याने व्हेंट पाइपाचे तोंड सिमेंटने बुजवले होते. ते मोकळे करून जाळीची टोपी बसवली, पुन्हा काडी लावली. पाणी जेमतेम हलले. मोरीचा आडवा पाइप लांब असता तर ट्रॅपजवळून हवेचा वेगळा पाइप न्यावा लागला असता.

बंद गाळ्यात मात्र ट्रॅपचे पाणी आपोआप सुकते, तिथे व्हेंटचा इलाज नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये सार्स पसरला, त्यात अशा सुक्या ट्रॅपांचा हात होता असे तपासात आढळले. आम्ही आठवड्याला बादलीभर पाणी ओततो.