चिकन कटलेट: ठोकणे, तापवणे, उलटणे

कोंबडीच्या छातीचा बिनहाडाचा तुकडा एका टोकाला तीन-साडेतीन सेंटिमीटर जाड असतो आणि दुसऱ्या टोकाला निमुळता होत जेमतेम एक सेंटिमीटर उरतो. तो तसाच तव्यावर टाकला, तर जाड भाग आतून शिजेपर्यंत निमुळते टोक वाळून चिवट होते. ते टोक मऊ असतानाच तुकडा उतरवला, तर जाड भाग मध्ये कच्चा राहतो. आच कमी-जास्त करून ही अडचण सुटत नाही, कारण दोष तुकड्याच्या आकारात आहे. म्हणून कटलेटसाठी तुकडा आधी ठोकून सगळीकडे सारख्या जाडीचा केला जातो.

कटलेट म्हटले की बटाट्याची चपटी टिक्की अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘लहान बरगडी’ असा आहे आणि पाश्चात्त्य स्वयंपाकात कटलेट म्हणजे मांसाचा पातळ काप. गोव्यात पावात घालून मिळणारे कटलेट याच जातीचे असते. पातळ ठोकलेला मांसाचा काप मसाला लावून रव्यात घोळवायचा आणि तळायचा, अशी त्याची रीत.

पातळ काप लवकर शिजतो हे सर्वांना ठाऊक असते, पण तो किती लवकर शिजतो याचा अंदाज बहुधा चुकतो. मांसातून उष्णता फार सावकाश आत शिरते आणि तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट लागतो. सहा मिलिमीटरच्या कापात चार मिलिमीटरचा एखादा पट्टा राहिला, तर तो जवळपास निम्म्या वेळातच शिजतो आणि उरलेला वेळ नुसता वाळत राहतो. छातीच्या मांसात चरबी अगदी थोडी असल्यामुळे ही चूक झाकणारे काहीच नसते. साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातली प्रथिने जोरात आकसतात आणि पाणी बाहेर पिळून काढतात. दुसरीकडे, जंतूंची भीती राहू नये म्हणून मध्यभाग ७४ अंशांपर्यंत न्यावा असे सांगितले जाते. त्यामुळे ७४ गाठायचे आणि तिथेच थांबायचे, एवढीच मोकळीक हाती उरते. सारखी जाडी असली, तर सगळा काप तिथे जवळजवळ एकाच वेळी पोचतो.

समजा, २४० ग्रॅमचा एक तुकडा आहे. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली बारीक पट्टी आधी सोडवून बाजूला ठेवावी. मग तुकड्यावर तळहात सपाट टेकवून धारदार सुरी आडवी चालवावी आणि त्याचे वर-खाली दोन काप करावेत. अख्खा जाड तुकडा ठोकत बसल्यास मांसाचे धागे फाटतात. आडवे कापल्यावर ठोकण्याचे काम फार थोडे उरते.

काप प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये ठेवावा. दुधाची पिशवी तीन बाजूंनी उघडून, धुऊन, कोरडी केली तरी चालते. आत पाण्याचे दोन थेंब टाकले की काप चिकटत नाही आणि सहज पसरतो. ठोकायला लाटणे, जड बुडाचे पातेले किंवा मांस ठोकायच्या हातोडीची सपाट बाजू घ्यावी. दातेरी बाजूने कोंबडीच्या नाजूक मांसाला भोके पडतात. घाव सरळ खाली हाणायचा नसतो. मध्यावर टेकवून कडेकडे सरकवत न्यायचा असतो. जाड भागावर जास्त घाव, निमुळत्या टोकावर जवळपास नाही. दर चार-पाच घावांनंतर प्लास्टिकवरून बोट फिरवावे, उंचवटा डोळ्यांआधी बोटाला कळतो. सगळीकडे सहा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या निम्म्या जाडीच्या आसपास आले की थांबावे. त्याहून पातळ केला, तर बाहेर रंग येण्याआधीच काप आतून शिजून वाळायला लागतो.

कापाला मीठ-मिरपूड लावावी आणि तव्यावर टाकण्यापूर्वी तो कागदी रुमालाने टिपून कोरडा करावा. ओल्या कापावर तव्याची उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतो आणि खरपूस रंग तर १४० अंशांच्या पुढे धरू लागतो. काप पांढरट, उकडल्यासारखा दिसला, तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

बिडाचा किंवा जाड बुडाचा स्टीलचा तवा मध्यम ते मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे तापवावा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब जागीच चुरचुरून आटला, तर तवा अजून तापायचा आहे. थेंब न फुटता पाऱ्याच्या गोळीसारखा पळू लागला की तवा तापला. पाणी उडून गेल्यावर चमचाभर तेल घालावे. ते पातळ होऊन त्यावर लाटा दिसू लागल्या की काप टाकावा. धूर निघू लागला, तर आच जास्त झाली. नॉनस्टिक तव्यावर मात्र ही परीक्षा करू नये, कारण रिकामा तापवल्यास त्याचा थर खराब होतो. त्यात तेल आधीच घालावे आणि लाटांची वाट पाहावी.

काप पडताच सलग, जोरदार चुरचुर ऐकू आली पाहिजे. सहा मिलिमीटरच्या कापाला पहिल्या बाजूला साधारण ९० सेकंद लागतात. त्या काळात तो हलवू नये. सुरुवातीला मांस धातूला चिकटते आणि खालचा थर तांबूस झाला की आपोआप सुटते. घाईने ओढल्यास तो थर तव्यालाच राहतो. कड पांढरी होत होत पांढरेपणा वरच्या बाजूने आत सरकतो. मध्ये रुपयाएवढाच गुलाबी डाग उरला की उलटावा. दुसऱ्या बाजूला ४० ते ४५ सेकंद पुरतात, कारण वरपर्यंतचे बरेचसे शिजणे पहिल्याच बाजूने झालेले असते. दोन्ही बाजूंना सारखा वेळ देणे ही कटलेट कोरडे होण्याची नेहमीची वाट आहे. एका वेळी दोनच काप टाकावेत. तवा भरला की तो गार पडतो, मांसाला पाणी सुटते आणि चुरचुरीऐवजी खदखद ऐकू येते. काप उतरवून दोन मिनिटे ठेवावा आणि सर्वांत जाड जागी कापून पाहावा. आत पांढरे आणि ओलसर असले, तर शिजला. काचेसारखी गुलाबी झाक असली, तर आणखी वीस सेकंद द्यावीत.

रव्यात घोळवलेल्या गोवेकरी कटलेटला हे आकडे लागू पडत नाहीत. रव्याचा थर उष्णता आत जायला उशीर लावतो आणि मोठ्या आचेवर लवकर करपतो. म्हणून तव्यात बुडावर पसरेल इतके तेल घेऊन आच मध्यम ठेवावी आणि प्रत्येक बाजूला दोन मिनिटांच्या आसपास वेळ द्यावा. कडेची चुरचुर मंदावली आणि रवा सोनेरी झाला, की कटलेट उतरवावे.