तीन धडे, तीन संकल्प, आठ स्लाइड

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की इन्स्टाग्रामवर वर्षाचा हिशेब मांडणारी कॅरोसेल दिसू लागतात. एकाच पोस्टमधल्या अनेक स्लाइड बोटानं सरकवत पाहायची ही सोय २०१७ साली आली. तेव्हा दहा स्लाइडची मर्यादा होती, २०२४ मध्ये ती वीस झाली. तीन धडे आणि तीन संकल्प मांडायला मात्र आठ पुरतात: मुखपृष्ठ, सहा मुद्दे आणि समारोप.

अडचण जागेची नसते, मजकुराची असते. ‘या वर्षानं मला नाही म्हणायला शिकवलं’ हे वाक्य कुणाच्याही नावाखाली शोभतं. त्यात घडलेलं काहीच नसतं.

समजा, नाशिकमधली एक बाई घरून जेवणाचे डबे पुरवते. तिनं हाच धडा असा लिहिला: ‘मार्चमध्ये एका दिवशी चाळीस डबे घेतले. अकरा उशिरा पोहोचले. दोन ग्राहक पुन्हा आले नाहीत.’ इथे महिना आहे, आकडा आहे आणि मोजलेली किंमतही आहे. दुसरा धडा उधारीचा: पैसे मागायला संकोच वाटला म्हणून सात जणांची बाकी तशीच राहिली. तिसरा अर्धवट आहे. आईच्या आजारपणात मदतनीस ठेवावी की काही दिवस डबे बंद ठेवावेत, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ती तसंच लिहिते. तिन्ही धडे विजयावर संपले असते, तर मजकुराला रंगरंगोटी झाली आहे हे लगेच ओळखू आलं असतं.

संकल्प धड्यांतूनच निघावेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं की नुसत्या ध्येयापेक्षा ‘अमुक झालं तर मी तमुक करेन’ असा ठराव पाळला जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणून ‘कामाचा ताण कमी करेन’ याऐवजी ती लिहिते: ‘पंचवीस डबे भरले की सव्विसाव्या फोनला दुसऱ्या दिवसाची वेळ देईन.’ उधारीसाठी: ‘पाच तारखेला बाकी दिसली, तर त्याच दुपारी निरोप पाठवेन.’ मदतनिशीसाठी: ‘जानेवारीत एका बाईला पंधरा दिवस कामावर घेऊन पाहीन.’ वर्षअखेरीला या तिन्हींचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं.

मांडणीतही एक बारकावा आहे. पहिली स्लाइड न सरकवता कुणी पुढे गेलं, तर इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट नंतर दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. त्यामुळे पहिला धडा मुखपृष्ठाशिवायही समजायला हवा. प्रत्येक स्लाइडवर दोन-तीन छोटी वाक्यं पुरेत, म्हणजे अक्षरं मोबाइलवर वाचता येतात.

प्रामाणिकपणाला एक हद्दही असते. उधारी ठेवणाऱ्यांची नावं तिनं लिहू नयेत, आणि आजारपणाची स्लाइड टाकण्याआधी आईला वाचून दाखवावी. आई नको म्हणाली, तर ती स्लाइड काढून टाकावी.