बरोबरी झाली तर पुढे कोण?

ऑनलाइन पैसे भरले की ओटीपी, पावती, महिन्याचं विवरणपत्र अशी कामं मागे कुठेतरी सर्व्हरवर साचत असतात. ओटीपीला उशीर चालत नाही, म्हणून त्याला अग्रक्रम १, पावतीला २, विवरणपत्राला ३. हातात सर्वांत लहान आकड्याचं काम देणारी रांग म्हणजे प्रायॉरिटी क्यू.

आतून ही सहसा रांग नसतेच. ते उतरंडीचं झाड असतं, त्याला हीप म्हणतात. वरचं काम खालच्या दोघांपेक्षा मागचं असता कामा नये, एवढाच नियम. सगळी यादी क्रमाने लावावी लागत नसल्यामुळे लाखभर कामं असली तरी सतराएक पायऱ्यांत भागतं. मात्र या वेगापायी आधी आलेल्याची आठवण राहत नाही.

समजा अ, ब, क या तीन पावत्या याच क्रमाने आल्या. तिघींचाही अग्रक्रम २. अ निघून गेली की रिकाम्या शेंड्यावर यादीतलं शेवटचं काम, म्हणजे क, आणून बसवतात आणि खालच्याशी ताडून पाहतात. ब काही क पेक्षा लहान नाही, त्यामुळे क तिथेच राहते. म्हणजे ब च्या आधी क चा नंबर लागला! जावाची PriorityQueue वापरून पाहा, असंच होतं. तिच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की बरोबरीचा निकाल कसाही लागू शकतो.

उपाय साधा आहे: आलेल्या प्रत्येक कामाला चढता क्रमांक द्यायचा. पायथॉनमध्ये असा:

```python
counter = itertools.count()
heapq.heappush(q, (priority, next(counter), task))
```

अग्रक्रम सारखे निघाले तर क्रमांक ताडले जातात. दोन क्रमांक कधीच सारखे नसल्याने तुलना task पर्यंत जात नाही. क्रमांक नसेल आणि task डिक्शनरी असेल, तर पहिल्याच बरोबरीला `TypeError` येतो. क्रमांकाऐवजी घड्याळाची वेळ घेण्याचा मोह होतो, पण दोन कामांची वेळ सारखी निघू शकते आणि सर्व्हरचं घड्याळ दुरुस्त होताना मागेही सरकतं.

एवढ्याने न्याय झाला का? कामांपुरता झाला, माणसांपुरता नाही. एखाद्या शाळेने फीच्या ५,००० पावत्या एकदम टाकल्या आणि पाठोपाठ एका दुकानदाराची एकच आली, असं धरा. एका पावतीला दशांश सेकंद लागत असेल, तर दुकानदाराला आठ मिनिटांहून जास्त थांबावं लागेल, तेही नियमानुसार. म्हणून मोठ्या यंत्रणांत एकाच अग्रक्रमाच्या आत प्रत्येक ग्राहकाची वेगळी रांग ठेवून पाळीपाळीने एकेक काम उचलतात. मग दुकानदाराची पावती दुसऱ्याच फेरीत निघते आणि शाळेचं काम संपायला ५०० ऐवजी ५००.१ सेकंद लागतात.