जस्त देते, तांबे घेते

व्होल्टा यांनी १८०० साली धातूंच्या चकत्या एकमेकींवर रचून विजेचा सलग प्रवाह मिळवला, पण तो फार काळ टिकत नसे. तांब्याच्या चकतीवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे जमत, पृष्ठभाग झाकला जाई आणि प्रवाह मंदावत जाई. लंडनच्या किंग्ज कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ मध्ये यावर उपाय काढला. त्यांनी तांब्याच्या भांड्यात मोरचुदाचे द्रावण भरले, त्यात एक सच्छिद्र पडदा ठेवला आणि पडद्याच्या आत जस्ताची कांडी सौम्य गंधकाम्लात उभी केली. पडद्यासाठी त्यांनी आधी बैलाची अन्ननलिका वापरली, पुढे तिची जागा झिलई नसलेल्या मातीच्या भांड्याने घेतली. आता तांब्यावर हायड्रोजन नव्हे, तर तांबेच जमू लागले. बुडबुड्यांचा अडथळा गेला आणि प्रवाह तासन्‌तास स्थिर राहू लागला. तारायंत्राच्या कचेऱ्यांना नेमके हेच हवे होते.

पुढे गंधकाम्लाच्या जागी झिंक सल्फेटचे द्रावण आले. बारावीच्या प्रयोगशाळेत आज दिसतो तो डॅनियल घट याच रूपातला. कागदावर तो एका ओळीत मांडता येतो आणि त्याचा दाब किती व्होल्ट असेल, हे घट जोडण्याआधीच एका वजाबाकीने काढता येते. त्या ओळीत आणि त्या वजाबाकीत कशाला काय अर्थ आहे, हे याच घटावरून सर्वांत स्वच्छ कळते.

आधी घट बाजूला ठेवून जस्ताची पट्टी थेट मोरचुदाच्या निळ्या द्रावणात बुडवली तर काय होते ते पाहू. थोड्याच वेळात पट्टीवर तांबूस-काळसर थर चढतो, द्रावणाचा निळा रंग फिका पडत जातो आणि भांडे किंचित गरम होते. जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतो. तांब्याचा प्रत्येक आयन तेच दोन इलेक्ट्रॉन उचलून धातू बनतो. ही देवाणघेवाण जागच्या जागी उरकते, त्यामुळे ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते आणि वीज हाती लागत नाही.

डॅनियल यांच्या घटात देणारा आणि घेणारा यांची भेटच होत नाही. इलेक्ट्रॉनना एकाकडून दुसऱ्याकडे जायला बाहेरच्या तारेशिवाय वाट उरत नाही आणि त्या वाटेवर त्यांच्याकडून काम करून घेता येते. म्हणून अशा घटाची अभिक्रिया दोन अर्ध्यांत लिहितात.

जस्ताकडे: Zn(s) → Zn²⁺(aq) + 2e⁻

तांब्याकडे: Cu²⁺(aq) + 2e⁻ → Cu(s)

पहिल्या ओळीत इलेक्ट्रॉन सुटतात, ते ऑक्सिडीकरण. ते जिथे घडते तो ॲनोड. दुसऱ्या ओळीत इलेक्ट्रॉन घेतले जातात, ते क्षपण आणि ती जागा कॅथोड. कंसातले s म्हणजे स्थायू, aq म्हणजे पाण्यात विरघळलेले. दोन्ही ओळी बरोबर लिहिल्या आहेत का, हे तपासायला दोन गोष्टी पुरतात: प्रत्येक ओळीत बाणाच्या दोन्ही बाजूंना अणूंची संख्या सारखी हवी आणि विद्युतभाराची बेरीजही सारखी हवी. वरच्या ओळीत डावीकडे भार शून्य, उजवीकडे अधिक दोन आणि उणे दोन, म्हणजे पुन्हा शून्य. हिशेब जुळला.

दोन द्रावणे पूर्णपणे वेगळी ठेवली तर मात्र घट लगेच थांबेल. जस्ताच्या बाजूला धनभारित आयन साचत जातील, तांब्याच्या बाजूला सल्फेटचे ऋणभारित आयन उरत जातील आणि पुढचा इलेक्ट्रॉन तारेतून सरकायला तयार होणार नाही. हा भार फेडण्यासाठी आयनांना ये-जा करता येईल अशी वाट लागते. ते काम मातीचे सच्छिद्र भांडे करते. प्रयोगशाळेत त्याऐवजी क्षाराच्या द्रावणाने भरलेली वाकडी नळी वापरतात. तिला क्षारसेतू म्हणतात.

एवढी सगळी रचना चिन्हांत लिहायची तर एक ओळ पुरते:

Zn(s) | Zn²⁺(1 M) || Cu²⁺(1 M) | Cu(s)

डावीकडे ॲनोड आणि उजवीकडे कॅथोड हा संकेत ठरलेला आहे. एक उभी रेघ म्हणजे दोन अवस्थांमधली सीमा. इथे ती घन जस्त आणि त्याला भिडलेले द्रावण यांच्यामध्ये आहे. दुहेरी रेघ म्हणजे क्षारसेतू. कंसात तीव्रता लिहितात. ओळीची दोन्ही टोके नेहमी विजेच्या तारेला जोडलेली असतात, म्हणून तिथे वीजवाहक पदार्थच असायला हवा. ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचली की इलेक्ट्रॉन तारेतून कोणत्या दिशेने धावतात तेही कळते. इलेक्ट्रॉन स्वतः मात्र या ओळीत कुठेही लिहीत नाहीत, अभिक्रियेतले गुणकही लिहीत नाहीत.

आता व्होल्टचा प्रश्न. एकट्या अर्ध्या घटाचा विभव मोजता येत नाही, कारण व्होल्टमीटरला दोन टोके लागतात. म्हणून सर्वांनी एक अर्धा घट मोजपट्टीचे शून्य म्हणून ठरवून घेतला. त्यात प्लॅटिनमच्या पत्र्यावरून १ बार दाबाचा हायड्रोजन वायू सोडतात आणि द्रावणात हायड्रोजन आयनांची तीव्रता १ मोलर ठेवतात. त्याच्यासमोर इतर अर्धे घट जोडून मिळालेली मूल्ये तक्त्यांत दिलेली असतात. ती सगळी क्षपणाची, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या दिशेने लिहिलेली असतात. २५ अंश सेल्सिअसला तांब्याचा प्रमाण क्षपण विभव +०.३४ व्होल्ट, तर जस्ताचा −०.७६ व्होल्ट आहे. आकडा जितका वर, तितकी इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद जास्त. तांबे वर आहे, म्हणून घेणार तांबे. जस्ताच्या वाट्याला देण्याचे काम येते.

घटाचा प्रमाण विभव म्हणजे उजवीकडच्या मूल्यातून डावीकडचे वजा:

E° = ०.३४ − (−०.७६) = १.१० व्होल्ट

विद्यार्थी हमखास घसरतात ते इथेच. जस्ताकडे ऑक्सिडीकरण होते, म्हणून ते आधी −०.७६ चे चिन्ह उलटे करून +०.७६ करतात आणि नंतर सवयीने वजाबाकीही करतात. उत्तर येते −०.४२. दिशा बदलण्याचा हिशेब वजाबाकीच्या चिन्हातच धरलेला असतो, तो दोनदा धरायचा नसतो. तक्त्यातला आकडा जसाच्या तसा उचलायचा आणि मग वजा करायचा. चूक ओळखणेही सोपे आहे: घट प्रत्यक्षात चालतो आणि कागदावर उत्तर उणे येते, तर कुठेतरी चिन्ह उलटले आहे. प्रयोगशाळेत मीटरची लाल तार तांब्याला आणि काळी जस्ताला लावली की आकडा १.१ च्या आसपास आणि धन दिसतो.

जुनी पुस्तके हाताळताना आणखी एक सावधगिरी लागते. एकेकाळी अमेरिकी पुस्तकांत ऑक्सिडीकरण विभवांचे तक्ते असत आणि त्यांत जस्तापुढे +०.७६ छापलेले असे. १९५३ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत क्षपणाची दिशा आणि ‘उजवे वजा डावे’ हा संकेत ठरला. तक्ता कोणत्या पद्धतीचा आहे, हे जस्ताच्या चिन्हावरून क्षणात कळते.

दुसरा घट तांबे आणि चांदीचा घेऊ. चांदीचा प्रमाण क्षपण विभव +०.८० व्होल्ट, म्हणजे तांब्याहून वर. इथे तांब्याची भूमिका बदलते. जस्तासमोर घेणारे तांबे चांदीसमोर देणारे होते.

Cu(s) → Cu²⁺(aq) + 2e⁻

Ag⁺(aq) + e⁻ → Ag(s)

तांबे दोन इलेक्ट्रॉन देते, चांदीचा आयन एकच घेतो. हिशेब जुळवण्यासाठी चांदीची ओळ दोनने गुणावी लागते आणि पूर्ण अभिक्रिया Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag अशी होते. मग ०.८० लाही दोनने गुणायचे का? नाही. विभव म्हणजे प्रत्येक एकक भारामागे मिळणारी ऊर्जा. धबधब्यातून दुप्पट पाणी कोसळले म्हणून कड्याची उंची दुप्पट होत नाही, तसाच इथला हिशेब. घटाचा विभव ०.८० − ०.३४ = ०.४६ व्होल्टच राहतो. दोन इलेक्ट्रॉनांचा हिशेब ऊर्जेत येतो: २ × ९६,४८५ × ०.४६, म्हणजे तांब्याच्या प्रत्येक मोलमागे सुमारे ८९ किलोज्यूल. हा घट जोडताना क्षारसेतूत पोटॅशियम क्लोराइड चालत नाही. क्लोराइड चांदीच्या द्रावणात उतरले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो. त्यामुळे तिथे पोटॅशियम नायट्रेट घेतात.

उत्तर खरोखरच उणे येते अशी मांडणीही असते. लोखंडाचा प्रमाण क्षपण विभव −०.४४ व्होल्ट. तांबे डावीकडे आणि लोखंड उजवीकडे लिहिले तर −०.४४ − ०.३४ = −०.७८. याचा अर्थ लिहिलेल्या दिशेने अभिक्रिया आपोआप घडणार नाही. उलट दिशेने, म्हणजे लोखंड देणार आणि तांबे घेणार, अशी ती घडेल आणि विभव +०.७८ असेल. मोरचुदाचे द्रावण लोखंडी बादलीत का करू नये, याचे कारण या आकड्यात आहे. बादलीचे लोखंड विरघळते आणि तांबे बादलीवर जाऊन बसते.

द्राक्षबागांमध्ये याच अभिक्रियेची चाचणी होते. बुरशीविरुद्ध फवारायचे एक टक्का बोर्डो मिश्रण करताना १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. चुना कमी पडला की तांब्याचे आयन मोकळे राहतात आणि पाने होरपळतात. म्हणून तयार मिश्रणात लोखंडी विळा किंवा सुरी थोडा वेळ बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालायचा.

चुना पुरेसा झाला की थर येत नाही. पण याचा अर्थ विभव शून्य झाला, असा नाही. ०.७८ हा आकडा दोन्ही आयनांची तीव्रता १ मोलर असतानाचा आहे. तांब्याच्या आयनांची तीव्रता दर दहापटीने घटली की विभव जेमतेम ०.०३ व्होल्टने उतरतो. ती दहा लाखपट घटली तरी उतार ०.१८ व्होल्टचा. म्हणजे सुमारे ०.६० व्होल्ट उरतातच आणि अभिक्रियेचा कल लोखंडाकडून तांब्याकडेच राहतो. चुन्याने बहुतेक सगळे तांबे न विरघळणाऱ्या रूपात बांधून टाकलेले असते. मोकळे आयन इतके थोडे उरतात की काही मिनिटांत पात्यावर दिसण्याजोगा थर बसूच शकत नाही. प्रमाण विभवावरून अभिक्रियेची दिशा कळते. किती तांबे जमेल आणि किती वेगाने जमेल, हे तक्त्यात सापडत नाही, त्यासाठी विळाच बुडवावा लागतो.